कोटेशनसोबत साडेचार मिनिटं

इंटिरिअरच्या धंद्यात कोटेशन पाठवलं की पुढचे चार दिवस शांतता असते. पाचव्या दिवशी फोन येतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "तुमचा आकडा जरा जास्त वाटतोय." मधल्या चार दिवसांत काय झालेलं असतं याचा अंदाज बांधता येतो. पीडीएफ काकांच्या फोनवरून काकूंच्या फोनवर गेली, तिथून मुलाकडे, मुलाकडून सुनेकडे आणि सुनेकडून तिच्या भावाकडे, कारण त्याने गेल्याच वर्षी घर करून घेतलं. या प्रत्येकाने ती उघडून सरळ शेवटच्या पानावर जाऊन एकूण रक्कम पाहिली. त्यांच्यापैकी दोघांनाच मी भेटलेली असते. प्रत्यक्ष भेटीत मी जे तासभर समजावून सांगितलं, ते उरलेल्या तिघांपर्यंत पोचायला काही मार्ग नव्हता.

या तिघांसाठी मी आता कोटेशनसोबत एक छोटं रेकॉर्डिंग पाठवते. लॅपटॉपवर ड्रॉइंग आणि हिशोबाचा तक्ता उघडायचा, स्क्रीन रेकॉर्ड करायला लावायची आणि समोर बसलेल्या माणसाला दाखवावं तसं बोट ठेवून, म्हणजे माउसचा बाण ठेवून, बोलत जायचं. वेबसाइट बनवणारे, जाहिरातीची कामं करणारे, सीए, आर्किटेक्ट असे पुष्कळ जण हे करतात. हीच सोय देणारी लूम नावाची कंपनी ॲटलासियनने २०२३ मध्ये सुमारे ९७.५ कोटी डॉलरला विकत घेतली, यावरून या प्रकाराचा पसारा लक्षात यावा. काम सुरू करायला मात्र विकतचं काही लागत नाही. मॅकवर `Shift + Command + 5` दाबलं की रेकॉर्डिंगची पट्टी येते, विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये ही सोय आहे, ओबीएस स्टुडिओ फुकट मिळतो आणि फोनमध्ये तर रेकॉर्डरचं बटण आधीपासूनच असतं.

बटण दाबणं सोपं आहे. त्या चार-पाच मिनिटांत काय बोलायचं आणि कुठल्या क्रमाने, हे अवघड आहे. त्यासाठी एक स्वयंपाकघर घेऊ. आकडे समजण्यापुरते घेतलेत, पण हिशोबाची मांडणी अशीच असते.

कोथरूडमधली जुनी सोसायटी पुनर्विकासाला गेली आणि काका-काकूंना नवा दोन बेडरूमचा फ्लॅट मिळाला. मुलगा न्यू जर्सीत, पैसे बहुतेक तोच देणार. त्याच्या आणि पुण्याच्या घड्याळात उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक आणि हिवाळ्यात साडेदहाचा, त्यामुळे तिघांना एका वेळी कॉलवर बसवायचं म्हणजे कुणाची तरी झोप मोडायची. स्वयंपाकघराचा ओटा इंग्रजी एल आकाराचा, एक बाजू दहा फूट आणि दुसरी सहा. कोटेशन असं:

ओट्याखालची कपाटं ४४ चौरस फूट, दर १,९०० प्रमाणे ८३,६०० रुपये. भिंतीवरची कपाटं २४ चौरस फूट, ४०,८००. माळ्याची शटर ३२ चौरस फूट, २८,८००. सॉफ्ट क्लोज ड्रॉवर सहा, प्रत्येकी ६,५०० म्हणजे ३९,०००. उभं कपाट १४ चौरस फूट, २८,०००. बेरीज २,२०,२००. त्यावर १८ टक्के जीएसटी ३९,६३६. एकूण २,५९,८३६.

आणि सोसायटीतल्याच कुणाच्या तरी ओळखीच्या मिस्त्रीने हेच काम १,८०,००० मध्ये सांगितलेलं.

हा ऐंशी हजारांचा फरक हाच रेकॉर्डिंगचा खरा विषय. मुलगा न्यू जर्सीत बसून जो प्रश्न विचारणार आहे तो रंगाचा नाही आणि हँडलचाही नाही. तो विचारणार, "ऐंशी हजार जास्त कशाचे?" याचं उत्तर रेकॉर्डिंगमध्ये नसेल तर बाकी सगळं गोड बोलणं वाया. बरेच जण इथेच चुकतात. आधी स्वतःची ओळख, मग फर्मचा अनुभव, मग थ्री-डी चित्रांची सैर आणि आकडा सर्वांत शेवटी. ऐकणारा तोवर आकड्यापाशी पोचलेला असतो, कारण पीडीएफ त्याच्या हातात आधीच आहे. दाखवणारी बाई फुलांच्या कुंडीवर बोलतेय आणि बघणारा मनात ऐंशी हजार मोजतोय, अशी गत होते.

म्हणून पहिल्या वीस सेकंदांत दोन गोष्टी सांगून टाकायच्या: एकूण रक्कम, आणि बघणाऱ्याने काय ठरवायचं आहे. उदाहरणार्थ: "काका, काकू, नमस्कार. स्वयंपाकघराचं कोटेशन दोन लाख एकोणसाठ हजार आठशे छत्तीस रुपयांचं आहे, जीएसटी धरून. तुम्हाला मिळालेल्या दुसऱ्या दरापेक्षा हे सुमारे ऐंशी हजारांनी जास्त आहे. तो फरक कुठे आहे ते मी दाखवते. शेवटी तुम्ही फक्त एक ठरवायचं, माळ्याचं काम आत्ता करायचं की नंतर." एवढं झालं की बघणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. त्याला जे खुपत होतं ते मीच आधी बोलून दाखवलेलं असतं.

यानंतर दीड मिनिट ड्रॉइंग. इथे थ्री-डीचा मोह आवरायचा. स्केचअपमध्ये मॉडेल माउसने गरागरा फिरवत स्वयंपाकघर दाखवायला मजा येते, पण ती फिरवणाऱ्याला. बघणाऱ्याला भोवळ येते, शिवाय चित्र सतत हलत राहिलं की रेकॉर्डिंग दाबलं जाताना त्यातले बारकावे पुसट होतात. उपाय साधा आहे. तीन-चार दृश्यं आधीच साठवून ठेवायची: दारातून दिसतं तसं, ओट्यापाशी उभं राहिल्यावर दिसतं तसं, आणि उभं कपाट उघडलेलं. पेज डाउनचं बटण दाबत एकावरून दुसऱ्यावर जायचं आणि प्रत्येक दृश्यावर थांबून बोलायचं. दारातून दिसणारं दृश्य पहिलं, कारण काकू स्वयंपाकघरात दारातूनच शिरणार आहेत. वरून दिसणारा प्लॅन आम्हाला सवयीचा असतो, घरच्यांना तो चटकन लागत नाही.

मग हिशोब, आणि इथे घाई करायची नाही. मी तक्त्याच्या शेजारी दुसरा छोटा तक्ता उघडते, त्यात फक्त तीन ओळी असतात. पहिली, जीएसटी ३९,६३६. मिस्त्रीच्या दरात बिल नाही, त्यामुळे कर नाही. फरकाचा जवळपास अर्धा भाग इथेच संपला. दुसरी, ड्रॉवर. मिस्त्रीच्या दरात स्टीलच्या जाळीच्या ट्रॉल्या आहेत, धरून चालू तीन हजारांच्या, माझ्याकडे सॉफ्ट क्लोज ड्रॉवर साडेसहा हजारांचे. सहा नगांचा फरक २१,०००. तिसरी, प्लायवूड, आणि उरलेले १९,२०० तिथे.

प्लायवूडच्या ओळीवर शब्द पुरत नाहीत. म्हणून तिथे फोटो आणायचा: बोर्डच्या पृष्ठभागावर मारलेला आयएस ७१०चा शिक्का, मोठा करून, अख्ख्या स्क्रीनवर. हा मरीन प्लायचा भारतीय मानकाचा क्रमांक. या मानकानुसार प्लायचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून डिंक सुटतो का ते तपासतात. "सिंकखालचं कपाट सगळ्यात आधी फुगतं, म्हणून तिथे हे वापरते" एवढं एक वाक्य पुरतं. त्याच्यापुढे फोटोकडे बाण ठेवून दोन सेकंद गप्प राहायचं. मुलाने फोन झूम करून शिक्का वाचला पाहिजे. आणि हेही सांगायचं, की माल साइटवर आला की बोर्डवरचा शिक्का तुम्ही स्वतः बघून घ्या. हे सांगणारा माणूस नंतर हलका प्लाय लावू शकत नाही, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं.

या तीन ओळींमध्ये मिस्त्रीची निंदा कुठेही नाही. ती करूही नये. काका त्या मिस्त्रीला ओळखतात आणि हे रेकॉर्डिंग त्याच्यापर्यंत पोचणार आहे हे गृहीत धरावं. जाळीच्या ट्रॉल्या वाईट नसतात, माझ्या स्वतःच्या घरी त्याच आहेत. ज्यांना त्या चालतील त्यांनी २१,००० वाचवावेत, असं मी रेकॉर्डिंगमध्ये बिनदिक्कत म्हणते.

शेवटचं पाऊण मिनिट दोन गोष्टींसाठी. कोटेशनमध्ये काय नाही: चिमणी, शेगडी, गॅसच्या पाइपचं काम, नळजोड हलवणं, टाइल्स. हे लेखी असतंच, पण बारीक अक्षरात, आणि भांडणं तिथूनच निघतात. मोठ्याने म्हटलेलं लक्षात राहतं. त्यानंतर माळ्याचा पर्याय: शटर आत्ता नको असतील तर २८,८०० आणि त्यावरचा कर मिळून ३३,९८४ रुपये कमी होतात, एकूण २,२५,८५२. पण नंतर करायचं तर लॅमिनेटची तीच छटा मिळेल याची खात्री नाही, कारण कंपन्या दरवर्षी छटा बंद करतात. ठरवा आणि लेखी कळवा. संपलं.

सगळं मिळून साडेचार मिनिटं. ही लांबी मी हवेतून आणलेली नाही. फिलिप गुओ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिक्षणसंस्थेच्या अभ्यासक्रमांचे ६९ लाख वेळा पाहिले गेलेले व्हिडिओ तपासले होते. व्हिडिओ कितीही लांब असला तरी निम्म्याहून अधिक वेळा विद्यार्थी तो सहा मिनिटांच्या पुढे बघत नव्हते. ते विद्यार्थी होते, ग्राहक नव्हे, आणि ग्राहकाचे स्वतःचे अडीच लाख पणाला लागलेले असल्यामुळे त्याचा धीर थोडा जास्त असेल. तरी सहा मिनिटांच्या आत राहणं बरं. लूमच्या फुकटच्या खात्यातही एका व्हिडिओला पाच मिनिटांचीच मर्यादा आहे. पूर्ण फ्लॅटचं काम असेल तर वीस मिनिटांचं एक न करता खोलीवार चार करावेत. बेडरूमच्या कपाटाशी मुलाला देणंघेणं नसतं, सुनेला असतं, ज्याला जे हवं ते तो उघडतो.

आता बघणारा कुठे बसलाय ते पाहू. मी लॅपटॉपवर काम करते, त्याची स्क्रीन साधारण ३४ सेंटीमीटर रुंद. काका हे फोन उभा धरून बघणार, आणि उभ्या फोनची रुंदी सात सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे माझ्या स्क्रीनवरची प्रत्येक गोष्ट त्यांच्यापर्यंत पाचव्या हिश्श्याची होऊन पोचते. एक्सेलमधलं नेहमीच्या आकाराचं अक्षर तिथे मिलिमीटरभरसुद्धा उरत नाही. त्यामुळे तक्ता दीडपट-दुप्पट मोठा करायचा, बोलण्यात न येणारे रकाने लपवायचे आणि एका वेळी पाच-सहा ओळींहून जास्त दिसू द्यायच्या नाहीत. रेकॉर्डिंग झालं की ते आधी स्वतःच्या फोनवर, फोन उभा धरून, चष्मा न लावता बघायचं. आकडा वाचता येत नसेल तर पुन्हा करायचं. याहून चांगली कसोटी मला माहीत नाही.

रकाने लपवताना आणखी एक पथ्य. आमच्या तक्त्यात खरेदीचा दर आणि आमचं मार्जिन असे दोन रकाने असतात. ते लपवून चालत नाही, त्यांची दुसरीच फाइल करावी लागते. लपवलेला रकाना चुकून एका क्लिकने उघडतो, आणि रेकॉर्डिंग थांबवून बघता येतं हे विसरू नये. तसंच वरच्या पट्टीत उघड्या असलेल्या दुसऱ्या ग्राहकांच्या फायलींची नावं, कोपऱ्यात टपकणारे व्हॉट्सॲपचे निरोप, डेस्कटॉपवरचं बँकेचं स्टेटमेंट. निरोप बंद ठेवण्याचं बटण दाबायचं, व्हॉट्सॲप वेब बंद करायचं, आणि शक्य तर या कामासाठी लॅपटॉपवर वेगळं खातंच उघडायचं, ज्यात डेस्कटॉप रिकामा असेल.

आवाजाचे घोटाळे चित्रापेक्षा जास्त होतात. सर्वांत नेहमीचा म्हणजे आवाजच नसणं. आयफोनवर रेकॉर्डिंगचं बटण दाबून धरल्याशिवाय माइक सुरू करण्याचा पर्याय दिसत नाही. अँड्रॉइडवर रेकॉर्डर विचारतो, फोनचा आवाज घेऊ, माइकचा घेऊ की दोन्ही, आणि घाईत भलतंच निवडलं जातं. दुसरा घोटाळा ब्लूटूथ हेडफोनचा. त्याचा माइक चालू झाला की बहुतेक जोडण्या फोनकॉलच्या दर्जावर उतरतात आणि आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. वायरचा साधा इअरफोन यात सरस ठरतो. पंखा बंद, खिडकी बंद, आणि शेजारी कुकर लावायची वेळ टाळून. दहा सेकंदांचं चाचणी रेकॉर्डिंग करून ऐकलं की पाच मिनिटांची मेहनत वाचते. विंडोजवर `Win + G` ने उघडणाऱ्या गेम बारचीही एक खोड सांगून ठेवते. तो एकाच खिडकीचं रेकॉर्डिंग करतो. तक्त्यावरून प्लायच्या फोटोकडे गेलात तर फोटो त्यात येतच नाही. आपण शिक्का दाखवतोय आणि बघणाऱ्यासमोर तक्ता तसाच.

लिहून काढलेलं वाचावं का? माझं मत, नाही. वाचलेलं लगेच कळतं, आवाज सपाट होतो आणि माणूस बातम्या ऐकल्यासारखा ऐकतो. कागदावर सहा ओळी पुरतात, फक्त पहिलं वाक्य आणि सगळे आकडे जसे बोलायचे तसे लिहून ठेवावेत, कारण "दोन लाख एकोणसाठ" की "एकोणसत्तर" इथे जीभ घसरते. मध्ये चुकलं तर थांबायचं, श्वास घ्यायचा आणि ते वाक्य पुन्हा म्हणायचं. नंतर सुरुवातीचा आणि शेवटचा फापटपसारा कापला की काम झालं. मागे संगीत, उडत येणारी नावं वगैरे भानगडीत पडू नये, ती पाहून ग्राहकाला जाहिरात बघितल्यासारखं वाटतं आणि तो सावध होतो. माउसचं तंत्र मात्र हातात बसवावं लागतं. आधी बाण ओळीवर नेऊन ठेवायचा, मग बोलायचं, आणि बोलताना हात माउसवरून काढायचा. बोलता बोलता बाण गोल गोल फिरवण्याची सवय जवळजवळ सगळ्यांना असते आणि बघणाऱ्याचे डोळे त्याच्यामागे धावून दमतात.

कोपऱ्यात स्वतःचा चेहरा ठेवायचा की नाही यावर मतं वेगवेगळी आहेत. पहिल्यांदाच ऐकणाऱ्या मुलाला बोलणारी कोण हे दिसलेलं बरं, म्हणून सुरुवातीला ठेवते आणि तक्ता आला की काढून टाकते. नाहीतर ते गोल वर्तुळ नेमकं बेरजेवर येऊन बसतं.

पाठवण्याच्या टप्प्यावर चांगली रेकॉर्डिंग्ज वाया जातात. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा व्हिडिओ पाठवला तर तो दाबून लहान केला जातो आणि आकडे पुसट होतात. तोच डॉक्युमेंट म्हणून जोडला तर जसाच्या तसा जातो, आणि २ जीबीपर्यंतची फाइल चालते, आपली त्याच्या पासंगालाही पुरत नाही. गूगल ड्राइव्हची लिंक द्यायची तर परवानगी "लिंक असलेला कुणीही" अशी आहे ना हे तपासायचं, नाहीतर न्यू जर्सीत मुलापुढे परवानगी मागण्याचं पान उघडतं आणि तो ते बंद करून झोपायला जातो. तपासायची रीत म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीत लिंक स्वतः उघडून बघणं. ड्राइव्हवर चढवल्याबरोबर व्हिडिओ अस्पष्ट दिसू शकतो, त्याच्यावर प्रक्रिया व्हायला वेळ लागतो, तेवढं थांबून मग लिंक पाठवावी. यूट्यूबवर अनलिस्टेड ठेवणं सोपं आहे, पण ते कुणाच्या तरी घराचं ड्रॉइंग आहे. कुठली खिडकी कुठे उघडते आणि तिजोरीचं कपाट कुठे, हे लिंक मिळालेल्या कुणालाही बघता यावं असं मला वाटत नाही.

रेकॉर्डिंग लागू पडलं की नाही हे कसं ओळखायचं? किती वेळा पाहिलं गेलं ते काही ॲप सांगतात, पण त्यावर माझा फारसा भरवसा नाही, काका एकच व्हिडिओ आवाज लागत नाही म्हणून चारदा उघडतात. खरी खूण परत येणाऱ्या प्रश्नात असते. "फायनल कितीला द्याल?" असं आलं, तर त्यांनी फक्त बेरीज पाहिली. "ड्रॉवर तीनच घेतले आणि तीन जाळीच्या ठेवल्या तर?" असं आलं, तर माणूस तिसऱ्या मिनिटापर्यंत पोचला, तक्ता त्याला समजला आणि तो आता हिशोब स्वतः करतोय. दुसऱ्या प्रकारचे प्रश्न येऊ लागले की काम मिळो न मिळो, बोलणी योग्य रस्त्यावर असतात.

असा प्रश्न आला की कोटेशन बदलतं, आणि इथे नवा धोका सुरू होतो. समजा ड्रॉवर तीन झाले. अख्खं रेकॉर्डिंग पुन्हा करायची गरज नाही, बदललेल्या ओळीचं एक मिनिटाचं करावं. पण सुरुवातीलाच तारीख आणि "ही दुसरी आवृत्ती" असं बोलायचं, फाइलचं नाव `Kitchen_R2.mp4` असं ठेवायचं आणि पहिली लिंक बंद करायची. जुनं रेकॉर्डिंग बंद न केल्यास सहा महिन्यांनी कुणीतरी ते काढून दाखवतं, "तुम्हीच म्हणालात सहा ड्रॉवर." आणि ते खोटं नसतं.

बोललेल्या शब्दाचं वजन इथे नीट समजून घ्यावं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक नोंदींना पुराव्यात जागा आहे, ठरावीक प्रमाणपत्रासह त्या न्यायालयात मांडता येतात. कोर्टापर्यंत स्वयंपाकघर क्वचितच जातं, पण सोसायटीच्या जिन्यात वाद झाला तरी फोन काढून दाखवणं पुरे असतं. म्हणून "दोन दिवसांत होऊन जाईल", "ते काय, बसवून देऊ" अशी सैल वाक्यं, जी समोरासमोर सहज हवेत विरतात, ती रेकॉर्डिंगमध्ये म्हणूच नयेत. आणि कोटेशनच्या कागदावर एक ओळ टाकावी: बोललेल्यात आणि लेखी मजकुरात फरक असल्यास लेखी ग्राह्य. रेकॉर्डिंगमध्येही ती एकदा वाचून दाखवावी.

काही गोष्टी या मार्गाने होतच नाहीत. रंग त्यांतली पहिली. प्रत्येक फोनची स्क्रीन वेगळी, रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून ती पिवळसर केलेली असते, आणि थ्री-डी चित्रातला उजेड खऱ्या घराहून नेहमीच उजळ. त्यामुळे "हा हिरवा" असं रेकॉर्डिंगमध्ये दाखवून होकार घेतला तर लॅमिनेट बसवल्यावर काकू म्हणणारच की हा तो हिरवा नाही. छटेचं नाव आणि क्रमांक तेवढा बोलायचा, लॅमिनेटचा तुकडा हातात द्यायचा, आणि तो काकूंनी स्वतःच्या ओट्यावर, दिवसाउजेडी बघायचा. मुलाला कुरियरने पाठवायची वेळ आली तर तेही करावं.

दुसरी गोष्ट वाईट बातमी. काम तीन आठवडे लांबणार किंवा खर्च वाढणार हे रेकॉर्ड करून पाठवणं म्हणजे दारावर चिठ्ठी चिकटवून पळणं. समोरच्याला तिथल्या तिथे बोलता आलं पाहिजे, रागावता आलं पाहिजे.

आणि तिसरी, घासाघीस. माळ्याचं काम आत्ताच करतो पण दोन लाख चाळीसला बसवा, असं काका म्हणणार, आणि मी पंचेचाळीसपर्यंत येणार की नाही हे त्यांच्या आवाजावरून आणि काकूंनी आतून काय सांगितलं त्यावरून ठरणार. सूट किती द्यायची याचं रेकॉर्डिंग एकदा केलं की ती सूट त्या सोसायटीतल्या उरलेल्या तेवीस फ्लॅटचा दर होऊन बसते. ते बोलणं फोनवर, शक्यतो त्यांच्या घरी बसून, आणि ठरलेला आकडा त्याच संध्याकाळी कागदावर.